‘गोळी घेतला का?’ : बोलण्याच्या वर्गातल्या चुका कधी दुरुस्त करायच्या?

पुण्यात संध्याकाळी भरणाऱ्या मराठी संभाषणवर्गातलं हे प्रकरण आहे. वर्ग प्रौढांचा आणि छोटा. बदली होऊन आलेले बँकेतले अधिकारी, एक-दोन सॉफ्टवेअरवाले आणि रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या मूळच्या केरळच्या. आधी काही वर्षं दिल्लीत नोकरी, मग पुणे. वर्गात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, म्हणून इथेही तसंच म्हणते.

सिस्टरना मराठी कळत होतं. वॉर्डात दिवसभर तेच कानावर पडायचं. लिहिलेलं सावकाश वाचताही येत होतं. पण बोलायची वेळ आली की त्या एकेका शब्दावर यायच्या. ‘गोळी?’ आणि हाताने खूण. ‘जेवण?’ आणि भुवया वर. पेशंटला कळायचं, काम भागायचं. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की पूर्वीच्या एका वॉर्डात पूर्ण वाक्य बोललं की कुणीतरी पेशंटसमोरच दुरुस्त करायचं आणि आजूबाजूचे हसायचे. त्यामुळे क्रियापदच गाळायची सवय लागली. क्रियापद नाही, तर चूकही नाही.

चूक टाळायला वाक्यच टाळणं हे शिकणाऱ्यांमध्ये नेहमी दिसतं, आणि शिक्षकाला ते चटकन लक्षात येत नाही, कारण वहीत टिपायला चूकच सापडत नाही. म्हणून सिस्टरच्या बाबतीत पहिलं काम होतं त्यांना पूर्ण वाक्यांत, चुकत का होईना, बोलतं करणं. ते साधायला काही आठवडे गेले. त्यानंतर खरा प्रश्न आला. आता त्या बोलत होत्या आणि भरपूर चुकत होत्या. त्यांतलं काय, कधी आणि कसं दुरुस्त करायचं?

त्या दिवशीचा संवाद

प्रसंग असा दिला होता : ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर पेशंट आजींशी आणि त्यांच्या मुलाशी बोलतात. विचारपूस करायची आणि उद्याच्या सूचना द्यायच्या. आजी मी झाले होते. मुलगा झाले होते उत्तर प्रदेशातून आलेले बँकेतले एक अधिकारी. वेळ पाच मिनिटं. माझ्या मांडीवर वही होती.

— आजी, जेवण झाला का?
— हो, झालं.
— गोळी घेतला का?
— घेतली की.
— ताप आला होता का?
— दुपारी आला होता थोडा.
— मी इंजेक्शन दिला ना, आता कमी होईल. काल सकाळी ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर काही खायचं नाही, पाणी पण नाही.
— काल? काल तर मी घरीच होते गं.
— काल... नाही नाही, उद्या! उद्या सकाळी आठ वाजता.
— बरं.
— आणि भाऊ, सही पाहिजे. डॉक्टर तुम्हाला बोलले.
— का गं, काय चुकलं याचं?

इथे सिस्टर थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, हाताने ‘या’ अशी खूण केली. मी आजीच्याच आवाजात म्हटलं, ‘बोलावलंय होय? डॉक्टरांनी बोलावलंय!’ त्या लगेच म्हणाल्या, ‘हो, हो, बोलावलंय. खाली, ओपीडीत.’ आणि संवाद पुढे गेला.

पाच मिनिटांत वहीचं अर्ध पान भरलं. त्यातल्या फक्त दोन चुका मी तिथल्या तिथे हाती घेतल्या : ‘काल’ आणि ‘बोलले’. बाकीच्या, म्हणजे ‘जेवण झाला’, ‘गोळी घेतला’, ‘इंजेक्शन दिला’ आणि पुढे आलेलं ‘पुणे मध्ये’, या फक्त टिपल्या.

दोनच का?

व्याकरणाच्या तराजूत ‘गोळी घेतला’ ही ‘काल’पेक्षा मोठी चूक आहे. पहिल्या वाक्यात कर्म आणि क्रियापद यांचा मेळच बिघडला आहे. दुसऱ्यात फक्त एक शब्द चुकला आहे. पण बोलण्याच्या वर्गात मी असं बघते, की हे वाक्य ऐकून समोरचा माणूस काय करेल? ‘गोळी घेतला का?’ ऐकून आजी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतील, आणि ते उत्तर बरोबरच असेल. ‘काल सकाळी ऑपरेशन आहे’ ऐकून मात्र त्या गोंधळतील, आणि उपाशी कधी राहायचं याविषयी चुकीची समजूत करून घेतील. ‘डॉक्टर तुम्हाला बोलले’ हे तर व्याकरणात चोख बसतं. पण मराठी माणसाला ते ‘डॉक्टर तुम्हाला रागावले’ असंच ऐकू येतं. असं वाक्य सोडून दिलं, तर पुढचा सगळा संवाद चुकीच्या अर्थावर उभा राहतो. तो संपल्यावर मागे जाऊन दुरुस्त करण्यात काही हशील नाही.

‘काल’ कुठून आलं हेही बघण्यासारखं आहे. मलयाळममध्ये काल आणि उद्या यांसाठी वेगळे शब्द आहेत. तिथून ही चूक आलेली नाही. ती आली दिल्लीच्या हिंदीतून, जिथे ‘कल’ दोन्हीकडे चालतो. गंमत अशी, की मुलगा झालेले बँकवाले स्वतः हिंदी बोलणारे. त्यांना त्या वाक्यात काहीच खटकलं नाही. ते शांतपणे मान डोलवत होते. एकाच भाषेच्या वळणावरून आलेले शिकणारे एकमेकांच्या चुका सहज समजून घेतात. म्हणून ‘जोडीदाराला कळलं, म्हणजे अर्थ पोहोचला’ हे माप वर्गात फसवं ठरतं. अशा संवादात एखादा तरी ऐकणारा मराठी कानाचा हवा. आजीची भूमिका मी घेतली होती ती एवढ्यासाठीच.

दोन्ही दुरुस्त्या वेगळ्या प्रकारच्या आहेत, हे लक्षात घ्यावं. ‘काल?’ एवढंच विचारलं आणि सिस्टरनी स्वतः ‘उद्या’ म्हटलं. शब्द त्यांच्याजवळ होता, फक्त वेळेवर हाती आला नव्हता. ‘काय चुकलं याचं?’ हा प्रश्नही तसाच होता, पण तिथे त्यांना पुढे जाता येईना, कारण ‘बोलावणं’ हे क्रियापद त्यांच्याजवळ नव्हतंच. जे माहीत नाही ते कितीही खुणावलं तरी बाहेर येत नाही. उलट माणूस वर्गासमोर अडकून पडतो. अशा वेळी शब्द सरळ देऊन टाकावा आणि पुढे जावं. मी एकदा खुणावते. माणूस दोन-तीन सेकंदांत सुधारला नाही, तर शब्द हातात ठेवते.

आणि दोन्ही वेळा मी आजीच राहिले, ‘सिस्टर, असं नाही, असं म्हणा’ असं म्हटलं नाही. भूमिका सोडून शिक्षिका झाले असते, तर सिस्टरचं लक्ष पेशंटवरून उडून माझ्यावर आलं असतं आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत बोललं असतं. ओघ तुटल्याची खूण हीच. विराम तर सगळ्यांच्याच बोलण्यात असतात. पण दोन वाक्यांमधला विराम वेगळा, आणि ‘गोळी’ आणि ‘घेतली’ यांच्या मध्ये पडलेला वेगळा. वाक्याच्या पोटात विराम वाढायला लागले, वाक्यं आखूड व्हायला लागली, माणूस हिंदीकडे वळायला लागला किंवा प्रत्येक वाक्यानंतर शिक्षकाकडे बघायला लागला, तर दुरुस्ती जास्त होते आहे असं समजावं.

‘हो, घेतली’ का पोहोचत नाही

संवादात मी ‘झालं’, ‘घेतली की’ अशी उत्तरं दिली होती. बरेच शिक्षक यालाच दुरुस्ती मानतात : चुकलेलं वाक्य आपण बरोबर करून परत म्हणायचं, म्हणजे ओघही तुटत नाही आणि बरोबर रूपही कानावर पडतं. पद्धत सौम्य आहे, म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण सिस्टरना ‘घेतली की’ ऐकून काय कळलं? आजींनी गोळी घेतली, एवढंच. ते उत्तर होतं आणि त्यांनी ते उत्तर म्हणूनच ऐकलं. लगेच पुढच्या वाक्यात त्या ‘इंजेक्शन दिला’ म्हणाल्या.

याचा अभ्यास झालेला आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिक्षकांच्या दुरुस्त्या नोंदवल्या. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून जास्त, 55 टक्के दुरुस्त्या अशा ‘बरोबर करून परत म्हणण्याच्या’ होत्या. आणि त्यांतल्या जेमतेम 31 टक्के दुरुस्त्यांना विद्यार्थ्यांनी काही प्रतिसाद दिला. बाकी हवेत गेल्या. विद्यार्थ्याला स्वतःलाच रूप शोधायला लावणाऱ्या खुणांना प्रतिसाद कितीतरी जास्त मिळाला. ते वर्ग मुलांचे होते आणि प्रतिसाद दिला म्हणजे शिकला असंही नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे प्रौढांना लावू नयेत. पण सिस्टरच्या संवादात नेमकं तेच घडत होतं.

परत म्हणायचंच असेल तर ते ऐकू येईल असं म्हणावं. पूर्ण वाक्य नको, फक्त चुकलेला तुकडा, जरा वर चढवलेल्या आवाजात : ‘घेत-ली?’ आणि मग थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. ते नसेल तर समोरच्याला आपण काही करायचं आहे हेच कळत नाही. अर्थात असं थांबलं की ती दुरुस्ती झाकली राहत नाही, ओघ अडतोच. म्हणूनच मोकळ्या संवादात मी ती केली नाही, राखून ठेवली.

राखून ठेवलेल्या चुका

उशिरा दुरुस्त करायचं म्हणजे किती उशिरा? संवाद संपल्यावर लगेच, त्याच तासात. पुढच्या आठवड्यापर्यंत माणसाला आपण काय म्हटलं ते आठवतही नाही. आणि वाक्य जसं बोललं गेलं तसंच टिपलेलं हवं. ‘लिंगाच्या चुका’ असा नुसता शेरा काही कामाचा नसतो. तो वाचून दाखवला की समोरचा माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मी असं म्हटलंच नाही.’

फळ्यावर मी सहा वाक्यं लिहिली. चार सिस्टरची होती, दोन इतरांच्या संवादांतली. नाव कुणाचंच नाही. आणि एक वाक्य मुद्दाम बरोबर : ‘ताप आला होता का?’ विचारलं, यातलं बरोबर कुठलं? जोडीजोडीने दोन मिनिटं बोला.

‘ताप आला’ बरोबर आहे हे सिस्टरनीच सांगितलं. मग मी सगळ्या क्रियापदांचे शेवट अधोरेखित केले : झाला, घेतला, दिला, आला. सगळीकडे ‘ला’. आता चित्र स्पष्ट झालं. सिस्टर चुकत होत्या असं म्हणण्यापेक्षा त्या भूतकाळासाठी एकच रूप वापरत होत्या, आणि ताप हा योगायोगाने ‘तो’ असल्यामुळे ते वाक्य बरोबर येत होतं. मलयाळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘कऴिच्चु’ हे एकच रूप. खाणारा कोण आणि खाल्लं काय, याचा त्यावर परिणाम नाही. मराठीत मात्र भूतकाळात क्रियापद घेणाऱ्याला सोडून गोळीच्या मागे जातं, आणि गोळी, ताप, औषध या तिघांची तीन लिंगं. बोलण्याच्या वेगात हा हिशेब करायला वेळच नसतो, म्हणून जीभ एक ठरलेलं रूप धरून बसते.

पुढची पायरी अशी, की ही नुसती घसरलेली जीभ आहे का माहितीच नाही, हे तपासणं. वाक्य समोर ठेवल्यावर माणूस स्वतः सुधारतो का, एवढंच बघायचं. ‘गोळी घेतला’ बघून सिस्टर लगेच म्हणाल्या, ‘घेतली.’ म्हणजे नियम माहीत होता, गोळी ‘ती’ हेही माहीत होतं, बोलताना निसटलं होतं. ‘इंजेक्शन दिला’ बघून त्या म्हणाल्या, ‘दिली?’ म्हणजे इथे काहीतरी बदलायचं हे कळलं होतं, पण इंजेक्शन ‘ते’ असतं हे माहीत नव्हतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन चुका, पण पहिलीला सराव हवा आणि दुसरीला शिकवणं. दुसरी शंभर वेळा दुरुस्त केली असती तरी त्या प्रत्येक वेळी अंदाजच करत राहिल्या असत्या.

म्हणून तिथे दुरुस्ती थांबवली आणि त्यांच्या रोजच्या कामातले शब्द तीन रकान्यांत लावले. ती : गोळी, पट्टी, जखम, उलटी, लघवी. तो : ताप, खोकला, डोस, रिपोर्ट. ते : इंजेक्शन, औषध, जेवण, रक्त, सलाईन. प्रत्येक रकान्याखाली एक प्रश्न : लघवी झाली का? डोस दिला का? औषध घेतलं का?

मग तीन-चार मिनिटांचा भराभर सराव. मी नाम म्हणायचं, त्यांनी प्रश्न करायचा. इथे मात्र प्रत्येक चूक तत्काळ. ‘जखम धुतला’ म्हटलं की माझा हात वर, की त्या ‘धुतली’. या सरावात सांगायचं असं काहीच नसतं, त्यामुळे तुटायला ओघच नाही. लक्ष फक्त रूपावर असतं आणि चूक पुढच्या वाक्यात मुरू न देणं हाच हेतू असतो. एकाच तासात, एकाच माणसाला, एकाच चुकीसाठी आधी थांबणं आणि नंतर तत्काळ दुरुस्त करणं यात काही विसंगती नाही. त्या घटकेला माणूस काय करायला बसला आहे, त्यावर ते ठरतं.

‘पुणे मध्ये’ या वेळी सोडून दिलं. सामान्यरूप हा वेगळा विषय आहे, त्या दिवशीच्या ताटात तो वाढायला नको होता.

फळ्यावर न लिहिलेली एक गोष्ट होती. सिस्टर मध्येच म्हणाल्या होत्या, ‘आजी, इकडे बघ.’ घरात आपण आजीला ‘तू’च म्हणतो, त्यामुळे कानाला ते फार खटकत नाही. पण वॉर्डात परक्या पेशंटला सिस्टरने ‘बघ’ म्हटलं, तर नातेवाईक दुखावतात. इथे अर्थ बिघडत नाही, नातं बिघडतं. अशी चूक सगळ्यांसमोर काढली तर शिकणाऱ्याला आपण उद्धट ठरलो असं वाटतं. ती मी तास संपल्यावर, त्यांना एकटीला सांगते. पण त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्यूटीवर असतात.

पुन्हा तोच संवाद

उशिराच्या दुरुस्तीत बहुतेक ठिकाणी राहून जाते ती ही पायरी. फळ्यावर चुका लिहिल्या, सगळ्यांनी मान हलवली, वर्ग सुटला. बरोबर रूप माणसाच्या तोंडून बोलण्याच्या वेगात एकदाही बाहेर पडलं नाही, तर ती व्याकरणाची तासिका झाली. म्हणून तोच प्रसंग नव्या जोडीदाराबरोबर परत करायचा.

या वेळी बँकवाले नुसते ऐकणारे होते. मघाच्या सरावात उत्साहाने ते ‘घेतली! घेतली!’ असं मध्येच ओरडत होते. सहाध्यायाची दुरुस्ती शिक्षकाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त लागते, विशेषतः आधी हशा सोसलेल्या माणसाला. त्यांना गप्प बसा म्हणण्याऐवजी काम दिलं : आजींना कोणकोणत्या सूचना मिळाल्या ते लिहा. त्यांचं लक्ष रूपावरून अर्थावर गेलं, आणि शेवटी त्यांनी वाचून दाखवलेली यादी हीच सिस्टरना आपलं बोलणं पोहोचल्याची पावती होती.

दुसऱ्या फेरीत सिस्टर म्हणाल्या, ‘गोळी घेतला... घेतली का?’ शिक्षकाच्या कानाला हे सोन्यासारखं असतं. चूक झाली, पण ती त्यांनी स्वतः ऐकली आणि न थांबता सुधारली. ‘जेवण झालं का’ सरळ आलं. ‘इंजेक्शन’च्या वेळी परत ‘दिला’. ‘उद्या’ मात्र दोन्ही वेळा ठणठणीत. मी एकदाही मध्ये बोलले नाही, फक्त खूण म्हणून ‘इंजेक्शन’ वहीत पुन्हा लिहिलं.

पुढच्या आठवड्यात एक नवीनच चूक आली : ‘ताप आली होती का?’ जे आधी बरोबर येत होतं तेच बिघडलं. दुरुस्तीने नुकसान झालं असं वाटून शिक्षक इथे घाबरतात आणि जास्त दुरुस्त करायला लागतात. पण आधीचं ‘ताप आला’ हे निवडलेलं रूप नव्हतं, एकुलतं एक होतं. आता त्या ‘ला’ आणि ‘ली’ यांतून निवडत होत्या आणि निवड कधी कधी चुकत होती. अशा वेळी तीन रकाने परत दाखवावेत आणि संवाद चालू द्यावा. ‘ताप’ पुन्हा ‘तो’च्या रकान्यात जाऊन बसायला फार दिवस लागले नाहीत. ‘ते’चा रकाना मात्र वेगात बोलताना बराच काळ डळमळत राहिला.

उच्चारांना ही उशिराची पद्धत लागू पडत नाही. ‘दुखतं’चं ‘दुकतं’ होत होतं, ते फळ्यावर लिहून काही उपयोग नाही. बोलणाऱ्याला आपला आवाज आठवणीतून ऐकू येत नाही. त्यासाठी संवाद त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड करून घेतला आणि त्यातलं तेवढंच वाक्य दोनदा ऐकवलं. पेशंटला दोन्ही कळतं, म्हणून ते शेवटच्या क्रमांकावर ठेवलं होतं. पुढच्या तासाच्या पानावर मी वर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : ‘इंजेक्शन दिलं’ आणि ‘पुण्यात’.